ओढणीचं टोक

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा रामकिशन सोनकांबळे बढतीवर हवालदार होऊन नांदेडहून तिथं गेला. पोरीची शाळा मोडायला नको म्हणून बायको नागुबाई आणि पंचशीला नांदेडलाच राहिल्या. त्याला मिळाली चाळीतली एक खोली, एक स्टोव्ह आणि नळाला न येणारं पाणी. रजा मागितली की साहेब दुष्काळाकडं बोट दाखवायचे. दुष्काळही असा, की चार वर्षांत रजेचा तोटाच होता, कारणांना मात्र तोटा नव्हता.

दुष्काळात चोऱ्याही पाण्याच्याच. औशाकडच्या एका विहिरीवरून टँकर भरायची मोटार गेली. विहिरीवर दोघं असायचे, शिवलिंग आणि महादेवप्पा. शिवलिंग डोळ्याला डोळा भिडवेना, पापण्या सारख्या फडफडवी. ठाण्यातले सगळे म्हणाले, चोराच्या मनात चांदणं, धरा ह्याला.

रामकिशनला ही घाई पटत नसे. त्यानं दोघांना वेगवेगळं बसवलं, चहा पाजला आणि मोटारीचं नावच काढलं नाही. बैल कितीला घेतला, सासुरवाडी कुठली, पोरं किती, असल्या गप्पा. बैलाचं बोलतानाही शिवलिंगच्या पापण्या तशाच फडफडत होत्या. म्हणजे ती त्याची खोडच, तिला काही अर्थ नव्हता. महादेवप्पा मात्र हातवारे केल्याशिवाय बोलतच नव्हता. नंतर मोटारीचा विषय निघाला आणि त्याचे हात मांडीवर गप्प बसले. एवढ्यावरून रामकिशननं त्याला चोर ठरवलं नाही. बदल दिसला म्हणजे तिथं खोदायचं, एवढंच. तो खोदत गेला आणि मोटार महादेवप्पाच्या मेव्हण्याच्या कडब्याखाली सापडली.

त्या खुशीत साहेबांनी दोन दिवसांची रजा दिली. रामकिशन एस.टी.नं नांदेडला पोचला. पंचशीला आता कॉलेजात होती, बारावीला. उंच झाली होती. त्यानं विचारलं, "कॉलेज कसं चालू हाय?"

"बरं हाय, बाबा." नजर खाली, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं चालू.

"कुणासंगं जातीस?"

उत्तराला वेळ लागला. टोक आणखी घट्ट झालं. "महानंदासंगं."

रामकिशनच्या डोक्यात ठिणगी पडली. पोरगी काहीतरी लपवतेय, नक्की कुणीतरी पोरगा असणार. "उद्यापासून कॉलेज बंद," त्यानं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. ती हूं का चूं न करता आत गेली.

नागुबाई भाकरी टाकून बाहेर आली. "काय बघितलं वो तुम्ही?"

"बोटाला ओढणी गुंडाळती. नजर देत न्हाई."

"मग तिला मीठ कुठं हाय ते इचारा."

त्यानं पोरीला हाक मारली. मीठ कुठं ठेवलंय, पाणी कधी आलं, शेजारच्या सरजाबाई कशा आहेत, सगळं विचारून पाहिलं. प्रत्येक उत्तराला नजर खाली आणि ओढणी बोटाला. चौथा प्रश्न त्याला सुचेना. अनोळखी चोराशी तासभर बोलणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीशी बोलायला विषय नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"खोड हाय तर तिची," तो पुटपुटला. "जाऊ दे तिला परीक्षेला."

पोरगी सकाळी परीक्षेला गेली.

दुपारी तो अंगणात बाजेवर पडला होता. पंचशीला परतली, आणि बाबा झोपलेत असं समजून थेट आईकडं गेली. उघड्या दारातून त्याला दोघी दिसत होत्या. पोरगी परीक्षेची हकिकत सांगत होती. सर कसे चालतात, महानंदाच्या हातून काचेची नळी कशी फुटली, सगळं हातांनी करून दाखवत होती. मान वर, नजर आईच्या डोळ्यांत, आणि हसणं तर अंगणभर. ओढणी खांद्यावरून कधीच घसरली होती.

रामकिशनचा घसा खवखवला. तो नकळत खोकला.

आतलं हसणं थांबलं. पोरीनं ओढणी उचलली, टोक बोटाला गुंडाळलं आणि मान खाली घातली.

ती पोरीची खोड नव्हती. पोरगी फक्त तो समोर असताना अशी होत होती, आणि ती त्याच्याशिवाय कशी असते हे पाहायची संधी त्याला कधी मिळालीच नव्हती.

त्यानं डोळे मिटले आणि कूस बदलून घोरायला लागला, खोटं खोटं. हळूहळू आत पुन्हा बोलणं सुरू झालं, मग हसणं. ऊन बाजेवर आलं, पाठ भाजायला लागली, तरी तो संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत तसाच घोरत राहिला.