सव्वासात सेंटिमीटर

कानिशाय एजेंच्या शेजारी मी सोळा वर्षं बसले. नारिन शहरातल्या दवाखान्यातली सोनोग्राफीची खोली आमची. त्या आकडे सांगायच्या, मी लिहायची. एजे म्हणजे ताई. पण ताईपणाचं गोड बोलणं त्यांच्याकडे औषधालाही नव्हतं. ‘वळा’, ‘श्वास धरा’, ‘पुसून घ्या’. संपलं! माझ्या जिभेला हाड नाही, त्यामुळे मला त्यांचा भारी राग यायचा. पेशंट विचारून विचारून थकायचा आणि बाई म्हणायच्या, “तुमच्या डॉक्टरांना विचारा.”

हा नियम त्यांनी माझ्यादेखत एकदाच मोडला.

तोलोगोन ट्रक चालवायचा. चौतीस वर्षांचा, चांगला उंच, जाडजूड गडी, पण चेहरा सुजलेला आणि ओकाऱ्या थांबत नव्हत्या. रक्ताच्या तपासणीत किडनी निकामी होत चाललेली. सोबत आई सायराकान आणि बायको बेरमेत. महिन्याभरापूर्वी त्याची पाठ धरली म्हणून बेरमेतने कुठल्याशा वैदूकडून मुळ्या आणून काढा पाजला होता. झालं! म्हातारी बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती, “हिनंच माझ्या पोराचं वाटोळं केलं. कागद हातात येऊ दे, आजच माहेरी पाठवते. नातवंडं माझ्याकडे राहतील.”

बेरमेत चकार शब्द बोलत नव्हती. मला वाटलं, घाबरली आहे बिचारी.

गावच्या डॉक्टरनं केलेल्या सोनोग्राफीची चिठ्ठी एजेंनी वाचली. ‘किडनीची चमक यकृताएवढी, नेहमीसारखी.’ लांबी लिहिलीच नव्हती.

“मोजायला काय पैसे पडतात?” मी पुटपुटले.

एजेंनी उजवी किडनी पाहिली. मलाही ती आणि यकृत सारखंच दिसलं. “यकृतच चरबीनं पांढरं झालंय,” त्या म्हणाल्या. “त्याच्याशी तुलना करून काय कळणार? वळा.” डावीकडे त्यांनी किडनी प्लीहेशेजारी धरली. तिथे फसवणूक नव्हती. प्लीहा करडी आणि किडनी तिच्याहून लख्ख पांढरी. बाहेरचा थर जेमतेम चार मिलिमीटर, आतबाहेरचा फरक पुसलेला. लघवी तुंबल्याची खूण नव्हती.

“डावी सव्वासात सेंटिमीटर. उजवी साडेसात.”

मी लिहिता लिहिता थांबले. एवढ्या उंच माणसाच्या किडन्या अकराच्या आसपास असायला हव्यात. एजेंनी त्याला पालथं झोपवलं, पुन्हा मोजलं. तिरकं मोजलं गेलं तर किडनी उगाच आखूड दिसते, म्हणून सगळ्यात लांब रेघ शोधून काढली. आकडा हलला नाही.

मग त्या उठल्या, दार उघडलं आणि दोघींना आत बोलावलं. मी बघतच राहिले.

“आपा, इकडे बघा,” त्या म्हातारीला म्हणाल्या. “पडद्यावरची ही चमक एकटी काही सांगत नाही. महिन्याभराच्या दुखण्यातही किडनी चमकते. पण तेव्हा ती नेहमीएवढी असते, नाहीतर फुगलेली. ही दोन्हीकडे आक्रसली आहे, व्रण धरून बसली आहे. याला वर्षं लागतात. कशानं झालं ते इथून दिसत नाही. काढ्यानं भर घातली असेल, पण तुमच्या सुनेनं ही अशी केलेली नाही.”



पडल्या पडल्या तोलोगोन बोलला. “चार वर्षांपूर्वी ड्रायव्हरांच्या तपासणीत बीपी फार वर गेलं होतं, आई. लायसन्स जाईल म्हणून बोललो नाही.”

“मेल्या!” म्हातारी ओरडली आणि रडायलाच लागली. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? सुटली एकदाची पोर, असं मनात म्हणून मी बेरमेतकडे पाहिलं.

ती पांढरीफटक पडली होती.

“एजे, परत बघा ना,” तिनं त्यांची बाही धरली. “काढ्यानंच झालं असेल. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले होते, औषधाचा मार असेल तर किडनी परत उभी राहू शकते. तेव्हापासून मी तेच धरून बसले होते. हवं तर मी जाते माहेरी, मुलं सासूबाईंकडे राहू देत. पण माझ्यामुळेच झालं असं लिहा ना.”

आधीच दोनदा मोजून झालं होतं आणि बाहेर सतरा माणसं थांबली होती. तरी एजेंनी पुन्हा जेल घेतलं, त्याला वळवलं आणि तिच्यासाठी तिसऱ्यांदा मोजलं, अगदी सावकाश. सव्वासात.

म्हातारीनं डोळे पुसले आणि सुनेला जवळ ओढलं.