एक चूल, एक घर

मी केम गावचा. घरी कोरडवाहू जमीन आणि तीन भाऊ, म्हणजे माझ्या वाट्याला फक्त सल्ले. मराठी सातवीची परीक्षा पास झालो तेव्हा सोलापुरात दिलेल्या आक्कानं मला बोलावून घेतलं. दाजी गिरणीत होते. त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं की शिकलेल्या माणसाला सोलापुरात काम भरपूर, फक्त एकही काम पुढच्या अमावास्येपर्यंत टिकत नाही. मला ती थट्टा वाटली. दाजी थट्टा कमीच करायचे, हे मला उशिरा कळलं.

काम कुठं मिळतं याचा पत्ता कुणी सांगत नसे, तो आपला आपण हुडकायचा. सकाळी कचेरीसमोरच्या झाडाखाली अर्ज लिहिणारे बसत. कुठल्या साहेबाला हंगामापुरती माणसं पाहिजेत हे त्यांना साहेबाच्या आधी ठाऊक असे. त्यांना पानतंबाखू दिला की बातमी मिळे. उन्हाळा तोंडावर आला की शाळांच्या हेडमास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसायचं, कारण परीक्षेला देखरेख करणारे कमी पडत. आणि तुळशीचं लग्न लागलं की आचाऱ्याचं घर गाठायचं. वाढायला आपापल्या जातीचीच पोरं लागत, त्यामुळे आमच्या जातीत लग्नं कुठं आहेत याची माहिती मला वधूपित्यांपेक्षा जास्त असे.

माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. परीक्षेच्या वेळी हेडमास्तरांनी बजावलं होतं की सगळ्यांकडं बघायचं, पण बोलायचं कुणाशीच नाही. आचारी म्हणाला की माणसाकडं बघायचं नाही, फक्त पानाकडं बघायचं, आणि तोंडानं सारखं 'सावकाश होऊ द्या' म्हणत राहायचं. परीक्षेनंतर लगेच लग्नात गेलो तर मी पंक्तीत हाताची घडी घालून उभा! एक म्हातारे पाहुणे रिकाम्या पानावर बोटं वाजवत होते आणि मी त्यांच्याकडं, हा शेजाऱ्याच्या पानात तर बघत नाही ना, अशा नजरेनं टक लावून होतो. आचाऱ्यानं मागून अशी शिवी हासडली की बटाट्याच्या भाजीची बादली हातातून सुटता सुटता राहिली.

त्या हिवाळ्यात खानेसुमारीचं, म्हणजे घरं आणि माणसं मोजायचं, सरकारी काम निघालं. झाडाखालच्या लेखनिकानं आधीच सांगितलं होतं की मोजणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, फार तर कागदाची सनद मिळते. पण म्युनिसिपालिटीच्या बड्या कारकुनाच्या नजरेत भरलास तर पुढं जकात नाक्यावर हंगामी चिकटशील. दाजी म्हणाले, फुकटची हमाली. आक्का म्हणाली, जाऊ द्या की, घरात बसून तरी काय करतोय. मी गेलो.

बड्या कारकुनानं आम्हा मोजणाऱ्यांना एका शाळेत बसवून नियम सांगितले. एक चूल, एक घर. वाडा केवढाही असो, जेवढ्या चुली तेवढी घरं. माणूस एकदाच मोजायचा, आणि ठरलेल्या रात्री जिथं असेल तिथंच. आधी काळ्या शाईनं सगळं भरून ठेवायचं आणि त्या संध्याकाळी पुन्हा फिरून, कुणी मेलं, कुणी जन्मलं, कुणी गावाला गेलं, ते लाल शाईनं दुरुस्त करायचं. मी मान डोलावली. परीक्षेचं आणि वाढपाचं ओझं डोक्यावरून उतरलं, हे नियम अगदी सरळ आहेत, असं मला वाटलं. वाटलं खरं!

मला एका पेठेतला विणकरांचा बोळ मिळाला. सगळी तेलुगू बोलणारी घरं. बोळात मागावर चढवायच्या सुताचे लांब ताणे पसरलेले, त्यांच्या खालून वाकून जायचं. दारांवर घरांचे आकडे माझ्या आधीच कुणीतरी गेरूनं घालून गेला होता. बोळाच्या शेवटच्या घरात एक म्हातारी, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडं होती. पुढच्या दाराला एक आकडा होता आणि अंगणापलीकडच्या पत्र्याच्या पडवीला दुसरा.

पडवीत एक चूल होती, पण ती खळीची. खळ म्हणजे पिठाची पातळ लापशी. ती शिजवून ताण्याच्या सुताला लावतात, म्हणजे सूत तुटत नाही. गेरूवाल्यानं चूल पाहिली आणि नियमाप्रमाणं घर धरून आकडा ठोकला. विणकराच्या घरात स्वयंपाकाशिवायही चूल असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चूक इतकी साधी होती की मला हसू आलं. मी म्हातारीला म्हणालो, "अम्मा, ही चूक झालीय. तुमचं घर एकच लिहितो."

धाकटी सून पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागं त्या चुलीवर भात शिजत होता.

मला आधी काही कळेना. मग थोरल्या सुनेनं, सुताच्या कांड्या भरता भरता, सगळं सांगितलं. धाकटीला वेगळं व्हायचंच होतं. नवरा ऐकत नव्हता, सासू तर मुळीच नाही. एका सकाळी पडवीला आकडा दिसला. धाकटीनं नवऱ्याला हात धरून तिथं नेलं आणि म्हणाली की बघा, सरकारनंच आपलं घर वेगळं केलंय. त्या दिवसापासून ती तिथं रांधत होती. खळ आता पुढच्या स्वयंपाकाच्या चुलीवर शिजत होती, आणि त्यावरून वेगळी भांडणं.

म्हणजे आकडा घातला तेव्हा खोटा होता आणि आता खरा झाला होता. मी डोकं धरून बसलो. चूक पुसायची, तर ती चूक राहिलीच नव्हती. लिहायचं, तर एका गेरूवाल्याच्या घाईपायी मी एक घर कायमचं फोडणार होतो. म्हातारीनं माझा हात धरला. तिची मराठी तुटक होती, पण म्हणणं स्वच्छ होतं. दोन मुलं वेगळी झाली की माग वाटले जातील, मग गिऱ्हाईक वाटलं जाईल, मग दोघंही गिरणीत जातील. नवरा गेल्यावर हे घर तिनं एकत्र धरून ठेवलं होतं आणि तिला ते एकत्रच ठेवून मरायचं होतं. तिला माझ्याकडून तेवढंच पाहिजे होतं, एक घर असं लिहिलेलं.

मी बड्या कारकुनाकडं गेलो. तो म्हणाला, चुली किती? मी म्हणालो, दोन. मग घरं दोन. पण एक खळीची आहे. तिच्यावर अन्न शिजतं का? शिजतं. मग घर. पण आधी शिजत नव्हतं. कारकून चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, की तुला मोजायला पाठवलंय, न्याय करायला नव्हे. बाकीच्या बोळांत कुणी अडलं नाही, या एका घरात तूच कसा अडलास, हेही त्यानं विचारलं. मी काळ्या शाईनं दोन घरं भरली. थोरला आणि त्याची माणसं एकीकडं, धाकटा आणि त्याची माणसं दुसरीकडं. म्हातारीची जागा मात्र कोरी ठेवली. ती कुणाकडं जेवते विचारलं तर ती नुसतं म्हणायची, "जेवते की." आणि उठून जायची.

मोजणीच्या संध्याकाळी दिवे लागल्यावर मी लाल शाईची दौत घेऊन बोळात शिरलो. एरवी ताण्यांनी भरलेला बोळ मोकळा होता, सगळे घराघरांत आमची वाट बघत बसलेले. शेवटच्या घराशी आलो तर म्हातारी आत नव्हती. ती दाराबाहेर, रस्त्यावर गोणपाट टाकून बसली होती.

मी म्हणालो, अम्मा, आत चला, आज जिथं असाल तिथं लिहावं लागतं. ती म्हणाली, "ठावं हाय. रस्त्यावरच्या माणसाला वेगळं मोजतात म्हणं. मला हितंच मोज."

घर नसलेल्यांची मोजणी खरंच वेगळी होती, स्टेशनवर, धर्मशाळेत, घाटावर, आणि ती माझ्याकडं नव्हती. बसलेल्या बाईला उचलून घरात ठेवायचा नियम मला कुणी सांगितला नव्हता. एवढ्यात थोरली सून बाहेर आली आणि म्हणाली की सासूबाई माझ्याकडं लिहा, जेवतात माझ्याकडं. पडवीतून धाकटी धावत आली. माझ्याकडं लिहा, आत्ताच माझ्याकडं जेवल्यात, हे बघा ताट. थोरलीनंही आपलं ताट आणून दाखवलं. दोन्ही ताटं खरकटी होती. दोघीही खरं बोलत होत्या, आणि दोघींनाही समोरची खोटं बोलतेय असं वाटत होतं. मुलगे दोन दारांत उभे होते, एकही बोलेना. मला त्या दोघांचा असा राग आला की लेखणीच फेकून द्यावी. माणूस एकदाच मोजायचा, एवढा एकच नियम मला धड समजला होता, आणि तोही आता हातात राहिला नव्हता.

म्हातारी माझ्याकडं बघून बोलली.

"मी दोन्हीकडं जेवते. रोज. पोट दुखतंय माजं, रात रात झोप न्हाय. पर एकीकडं जेवले की घर तुटलं."

मी गेल्या काही दिवसांत तिला पोट धरून बसलेली पाहिली होती आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. धाकटी हळूच म्हणाली, "अत्तम्मा, हे आधी सांगायचं होतं की."

"सांगितलं असतं तर एकीनं वाढायचं बंद केलं असतं," म्हातारी म्हणाली. "मग एक घर कशाला म्हणायचं?"

धाकटी पडवीत गेली आणि उरलेल्या भाताचं पातेलं पदरानं धरून बाहेर आली. चेहरा रागाचा होता की रडका, दिव्याच्या उजेडात मला कळलं नाही. ती अंगण ओलांडून पुढच्या घराकडं निघाली. त्या रात्रीपुरतं की कायमचं, तेही कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. थोरली तोवर दारात जाऊन उभी राहिली होती, ती बाजूला सरेल की नाही तेही सांगता येत नव्हतं.

पातेलं अंगणाच्या मधोमध होतं तेवढ्यात मी लाल शाईनं पडवीच्या घरावर काट मारली, सगळी माणसं पुढच्या घरात लिहिली आणि म्हातारीचं नाव सगळ्यांच्या वर घातलं. मग कागद गुंडाळले आणि वळून न बघता बोळाबाहेर पडलो.