उद्धवराव अर्थ सांगतात

भालकीजवळच्या मेहकरात चाळीस वर्षं झाली, पोथीचा अर्थ सांगावा तो उद्धवरावांनीच. वाचायला गुरुलिंग बसायचा. त्याचा आवाज खणखणीत, पण समज बेताची. तो एक ओवी म्हणायचा, थांबायचा आणि मांडी घालून बसलेल्या उद्धवरावांकडं बघायचा. मग उद्धवराव डोळे मिटून म्हणायचे, "म्हंजे बघा..." आणि गाव कान टवकारायचं. पोथी गावच्याच संताची. ओढ्याकाठी त्यांची समाधी आहे आणि त्यांच्या ओव्या हाती लिहिलेल्या, बाळबोध अक्षरात, शब्दांना शब्द चिकटवून. कुठं शब्द संपतो आणि कुठं दुसरा लागतो हेसुद्धा ज्यानं त्यानं ठरवायचं. दरवर्षी श्रावणात ती मारुतीच्या देवळात लागायची.

उद्धवराव मराठी सातवी. शेती चौदा एकर, निम्मी माळाची. अर्थ सांगायला ते शिकले आपल्या चुलत्याकडून, आणि चुलत्यानं पहिल्याच दिवशी एक कायदा घालून दिला होता: "अडायचं न्हाई. सांगणारा अडला की सभा उठती, आन् सभा उठली की पोथी उठली." झालं! माणसानं तो कायदा असा पाळला की विचारू नका. अडला शब्द की आजूबाजूचे शब्द बघायचे, मानेला एक झोका द्यायचा आणि ठोकून द्यायचं. 'मला हे ठाऊक नाही' हे वाक्य त्या देवळात चाळीस वर्षांत उच्चारलं गेलं नाही. गावालाही ते नकोच होतं म्हणा. ज्याला माहीत नाही तो सांगायला कशाला बसेल, असा सगळ्यांचा हिशेब.

त्या पोथीत एक ओवी आहे:

माय परदेशीं लेंकरूं घरीं ।
दिसु मावळे डोंगरावरी ।
वोरसु तियेचा नुतरे तरी ।
तिळभरी गा ॥

आई दूर देशी, लेकरू घरी, दिवस डोंगरावर मावळला. इथवर ठीक. मग आला 'वोरसु'. उद्धवरावांनी पुढं बघितलं, तर 'नुतरे'. म्हणजे उतरत नाही, एवढं त्यांना कळत होतं. आता उतरत नाही ते काय? ताप उतरत नाही, नाहीतर राग. 'वोरसु'त त्यांना कुठंतरी रुसणं ऐकू आलं. मानेला झोका दिला आणि म्हणाले, "म्हंजे बघा, लेकराला टाकून गेलेल्या आईचा रुसवा. तो तिळभर सुद्धा उतरत न्हाई."

हे पहिल्यांदा कधी सांगितलं ते त्यांनाही आठवत नाही. पण सव्वीस वर्षांपूर्वीच्या श्रावणात सांगितलं ते विजयश्रीला लख्ख आठवतं, कारण ती त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली होती. वय सतरा. तिची गोष्ट गावाला ठाऊक होती. बाप ती तीन वर्षांची असताना गेला. तिची आई राजूबाई तेव्हा विशीतली. भावांनी तिचा जहिराबादकडं पाट लावून दिला, आणि पोरगी बापाच्या घरची म्हणून आजा-आजीनं ठेवून घेतली. राजूबाई दर पंचमीला बांगड्या पाठवायची. आजी त्या परत धाडायची. पोरगी ह्या दोन्हीच्या मधे उभी.

पोथी सुटल्यावर विजयश्री उद्धवरावांजवळ आली. "काका, खरंच उतरत न्हाई?"

"पोथीत लिहलंय बाई. मी कोण सांगणार?"

बघा कसं असतं! स्वतःचा अंदाज माणूस देवाच्या नावावर खपवतो आणि वर नम्रपणा दाखवतो. पोरगी घरी गेली. तिनं मनाशी ठरवलं की आई आपल्यावर रुसून आहे. आपण बापाच्या घरी राहिलो म्हणून, आपण झालो म्हणून, कशावरूनही असेल. आजा-आजींनी घरजावई बघून तिचं लग्न केलं. लग्नाच्या दिवशी राजूबाई भालकीच्या बसस्थानकावर येऊन बसली होती, बोलावतील म्हणून. कुणी बोलावलं नाही, विजयश्रीनंही नाही. संध्याकाळच्या बीदरच्या गाडीनं राजूबाई परत गेली.

आणि गेल्या माघात जहिराबादहून माणूस आला. राजूबाई अंथरुणाला खिळलीय, लेकीला एकदा बघायचं म्हणतीय. उद्धवराव तेव्हा विजयश्रीच्या ओसरीवरच चहा प्यायला बसले होते. त्रेचाळीस वर्षांची विजयश्री त्या माणसाला म्हणाली, "तिचा राग उतरणारा न्हाई. मी गेले तर तिच्या जीवाची आनखी तळमळ हुईल. सुखानं जाऊ द्या तिला." आणि उद्धवरावांकडं बघून विचारलं, "व्हय की न्हाई काका? पोथीतच हाय."

उद्धवरावांनी मान हलवली. बरं वाटलं होतं त्यांना त्या वेळी. खोटं कशाला सांगा, आपला शब्द माणसांनी एवढा धरून ठेवावा ह्याचा अभिमानच वाटला. पाचव्या दिवशी राजूबाई गेली.

जेठात स्नेहा आली. बीदरची पोरगी, कलबुर्गीला कॉलेजात शिकवते, आणि सीमेवरच्या गावांतल्या जुन्या पोथ्यांचे फोटो काढून त्यातल्या शब्दांचे अर्थ लावते. तीन दिवस ती उद्धवरावांच्या पडवीत बसली. तिची काम करायची तऱ्हा बघून उद्धवरावांना आधी हसू आलं. ती अर्थ सांगतच नव्हती! अडला शब्द की एका कार्डावर लिहायची, खाली पान आणि ओळ. मग तोच शब्द पोथीत आणखी कुठं येतो ते शोधत बसायची.

"असं कुटवर चालायचं?" उद्धवराव म्हणाले. "पुढचे मागचे शब्द बघावं, सांगून मोकळं व्हावं."

"एकाच ठिकाणचे शेजारी फसवतात, आजोबा," ती हसत म्हणाली. "शब्द चार ठिकाणी कसा वागतो ते बघावं लागतं. सगळीकडं चालेल तोच अर्थ."

तिसऱ्या दिवशी तिनं 'वोरसु'चं कार्ड काढलं. शेवटचा उकार सोडून दिला. तो नुसता जुन्या भाषेतला प्रत्यय, देव म्हणायचा तर 'देवु' लिहायचे तसा. राहिला 'वोरस'. मग म्हणाली, जुनी माणसं 'ओ'च्या जागी 'वो' लिहायची, म्हणून कोशात दोन्हीकडं बघायचं. पण कोश उघडायच्या आधी तिनं पोथीचं एकशे बारावं पान पुढं सरकवलं. "हे वाचा बरं आजोबा. इथं ह्याचंच क्रियापद झालंय."

उद्धवरावांनी चष्मा वर केला. 'वासरूं हंबरे गोठां । धेनु वोरसे वाटां ॥'

"आणि ह्याचा अर्थ तुम्ही काय सांगता?"

"ह्यात काय? वासराचा आवाज आला की वाटंतच गायीला पान्हा..." आणि उद्धवराव थांबले.

चाळीस वर्षांत ते पहिल्यांदा अडले. गायी त्यांनी जन्मभर राखल्या होत्या. गाय वासरावर रुसत नाही हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. म्हणून त्या पानावर अर्थ आपोआप बरोबर आला होता. शब्द तोच. पण ते पान यायचं अकराव्या दिवशी आणि आईची ओवी चौथ्या दिवशी. चौथ्या दिवशीचा शब्द अकराव्या दिवसापर्यंत कोण धरून ठेवतो?

स्नेहा आपल्या नादात होती. कोशात दाखवत होती: वोरस, पान्हा, मायेचा पाझर. म्हणजे आई दूर असली तरी तिची माया तिळभरसुद्धा ओसरत नाही. मग तिनं फोनवर आणखी एक फोटो उघडून दाखवला. ह्याच पोथीची दुसरी प्रत हळ्ळीखेडला महादेवप्पांच्या घरी होती, बसवण्णांना मानणारं घर, पण पोथी जपलेली. तिथं त्या ओवीच्या बाजूला, कोऱ्या जागेत, नकलणाऱ्यानं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: पान्हा.

हळ्ळीखेडला उद्धवराव बैलाच्या बाजाराला शंभरदा गेले असतील.

"काय झालं आजोबा?"

"काई न्हाई, बाई. पानी आन जरा."

पुढचे पंधरा दिवस उद्धवरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. जेवण जाईना. सून म्हणाली, डॉक्टरला दाखवा. काय दाखवायचं डॉक्टरला? सांगावं तर विजयश्रीच्या काळजाला कायमची भोकं पडणार, आणि न सांगावं तर श्रावण तोंडावर आला होता. चौथ्या दिवशी ती ओवी येणार, विजयश्री पहिल्या रांगेत बसणार. तिथं खरा अर्थ सांगितला तर भर सभेत तिच्यावर वीज पडणार. जुनाच सांगितला तर... छे! जीभ तरी उचलेल का? राजूबाईला उठवून आणायची कुठली विद्या कुठल्या पोथीत नव्हती. स्नेहाच्या कार्डांतही नव्हती.

शेवटी आषाढातल्या एका दुपारी ते पोथी फडक्यात बांधून विजयश्रीच्या घरी गेले. ती ओसरीवर तूर निवडत होती. समोर सूप, बाजूला डबा.

"या काका. आज पोथी घिऊन कामून?"

उद्धवराव बसले. गाठ सोडली. पान काढलं. आणि सगळं सांगितलं. वोरस म्हणजे काय, एकशे बाराव्या पानावर काय आहे, हळ्ळीखेडच्या प्रतीत काय लिहिलंय. मधे एकदाही मानेला झोका दिला नाही. "मला ठाऊक न्हवतं, बाई," ते म्हणाले. "तवाबी न्हवतं. मी ठोकून दिलं."

विजयश्रीचे हात सुपात तसेच राहिले.  मग ती म्हणाली, "भालकीच्या स्टँडवर बसली होती ती. दिवसभर."

"व्हय."

"मग आता कामून सांगायलाव, काका? आता मी कुटं जाऊ?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पोथी ओढ्यात फेका म्हणाली असती तरी चाललं असतं. ती रडलीसुद्धा नाही. म्हातारा पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला, आणि त्याच्याच डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पानावर पडू नये म्हणून त्यानं पोथी बाजूला धरली.

विजयश्रीनं पदराला हात पुसले आणि जवळ सरकली. "कुटला शब्द, दाखवा."

त्यांनी दाखवला. तिनं त्यावर बोट ठेवलं. ते जुनं, चिकटलेलं अक्षर तिला वाचता येणं शक्य नव्हतं, पण बोट तिनं उचललं नाही.

"वाचा," ती म्हणाली.

उद्धवरावांनी वाचली. माय परदेशीं लेंकरूं घरीं. आवाज गुरुलिंगासारखा खणखणीत कुठला, कापतच होता. तिळभरी गा, इथं येऊन ते थांबले आणि सवयीनं तोंडातून निघालं, "म्हंजे बघा..."

"न्हाई काका," विजयश्री म्हणाली. "नुसतं वाचा. अर्थ सांगू नका."

त्यांनी परत पहिल्यापासून वाचायला घेतली.