चाळीस फुटांखालचं पाणी

मी पंप बसवणारा मिस्त्री. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. तेलावरची इंजिनं नुकती कुठं गावागावांत येऊ लागली होती, आणि ज्याला पाना धरता येई त्याला लोक साहेबासारखं बसायला घोंगडी टाकत. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू.

जळगाव जामोदजवळच्या एका पानमळ्यात मी दसऱ्याच्या सुमारास पंप बसवला. मालक पस्तिशीचा, रागीट, शब्दाआधी हात उचलणारा. त्याच्या विहिरीत अठरा फुटांवर एक टप्पा होता, चांगला रुंद, आणि त्याच्या वरच्याच कोनाड्यात साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, सात शेंदूर फासलेले दगड. पंप त्या टप्प्यावरच बसायला हवा होता. मी तसं बोललोही. मालक म्हणाला, "आसरांच्या खाली लोखंड अन् तेल जाणार नाही. काठावर बसव."

तेव्हा पाणी वीस फुटांवर, टप्प्याच्या जरा खाली होतं. काठावरचा पंप ते सहज उचलणार होता. उन्हाळ्यात पाणी कुठं जाईल हे मला माहीत होतं, कारण विहिरीच्या कडेला मागच्या वैशाखाची खूण स्पष्ट दिसत होती. चाळीस फूट. मी खूण पाहिली आणि "चालते, मालक" म्हणालो. काम हातचं जाऊ नये एवढाच माझा विचार. पहिल्या दिवशी पाटात पाणी पडलं तसं मालकानं मोट काढून टाकली, मोटेचे बैलही बाजारात नेले.

चैत्र संपता संपता निरोप आला. मी पोचलो तेव्हा पानवेलींना चार दिवस पाणी नव्हतं. पानवेल म्हणजे तान्ह्या लेकरासारखी, उन्हाळ्यात एक दिवस खंड पडला की मान टाकते. मळ्यातल्या बाया दोरीनं ओढून घागरी वाहत होत्या, पण ते पाणी कुठं पुरतंय. तीन वर्षांच्या वेली खालून पिवळ्या पडत चालल्या होत्या.

इंजिन चालू केलं. वरून घागरीनं नळ भरला, पंप फिरवला. अर्धी बादली पाणी फेकलं आणि पंप कोरडा पडला. पुन्हा भरला, पुन्हा तेच. मालक माझ्या मागंच उभा होता. पहिली थप्पड मानेवर बसली. मी पडलो, तर त्यानं चाबूक उलटा धरून दांडा पाठीत घातला. एक, दोन, मग मोजायचं राहिलं.

"फसवलं बे तू मले. मळा मेला त तुले याच विहिरीत गाडतो."

खरं कारण माझ्या जिभेवर होतं. पण खरं सांगायचं म्हणजे, दसऱ्याला हे माहीत असून मी गप्प बसलो होतो, हेही सांगावं लागणार. तोंडात रक्ताची चव, पुढं तो दांडा. माझ्या तोंडून निघालं, "कोनीतरी जोड सैल केला असन. नळात हवा घुसून राह्यली."

मालकाचा सालदार तेव्हा विहिरीत उतरून नळाचं तोंड पाहत होता. वर्षाच्या करारावर राबणारा, माझ्याच वयाचा माणूस. इंजिनजवळ दुसरं कोणी जात नसे. मी नाव घेतलं नव्हतं, पण घ्यायची गरजही नव्हती.

तो वर येऊन काठाला हात लावतो तोच मालकानं त्याचे केस धरले आणि फरफटत बाहेर काढला. काऊन केलं, कोणाच्या सांगण्यावरून केलं, एवढंच विचारत होता आणि मारत होता. सालदार म्हणत होता, "म्या काही नाही केलं, मालक." मग इंजिनाचा हँडल मालकाच्या हाती लागला. तो सालदाराच्या डाव्या कानशिलावर बसला तो आवाज मला इंजिनाच्या धडधडीतही ऐकू आला. कानातून रक्ताची धार गळ्यावर आली. माणूस गुडघ्यावर बसला, आणि मालकानं हँडल पुन्हा उचलला.

मी मोठा पाना घेतला आणि मालकाच्या मनगटावर हाणला. हँडल पडला. त्यानं माझा गळा धरला, मी त्याच्या पोटात गुडघा घातला, आम्ही दोघं काठावरच्या चिखलात लोळलो. आणखी दोन हात सरकलो असतो तर तळाशीच गेलो असतो.

"जोड सैल नाही," मी ओरडलो. "त्यानं काही नाही केलं. पानी खोल गेलं."

मालकाची म्हातारी आई ओरडा ऐकून मळ्यातून आली होती. ती मधे पडली. "बोलू दे त्याले," म्हणाली.

मी इंजिन बंद केलं. पंपाच्या तोंडाशी नळ खोलला आणि दोरीला खडा बांधून आत सोडला. दोन-तीन हातांवरच दोरी ओली होऊन आली. नळ पाण्यानं भरलेला होता. खालची झडप पाणी धरून होती, जोडही घट्ट होते.

"मंग पानी वर काऊन येत नाही?" मालक मनगट दाबत म्हणाला.

"पंप पानी ओढतच नाही, मालक. तो फक्त नळातली हवा काढते. विहिरीतल्या पान्यावर बाहेरची हवा दाब देऊन राह्यली, ती पान्याले नळात ढकलते. तिचा जोर तेहतीस-चौतीस फुटांवर सरते. आपल्या पंपाले पंचवीसच्या वर भरवसा नाही. इथं चाळीस आहे."

"दुप्पट मोठं इंजिन आनतो."

"दहापट आना. इंजिनानं हवेचा जोर वाढत नाही. पन पंप खाली नेला, पान्याजवळ, त तो वर पाहिजे तेवढं ढकलन. ढकलाले हवेचं काम नाही, तिथं इंजिनाचा जोर लागते."

हल्ली पोरं दहा मीटर म्हणून पुस्तकातून पाठ करतात. मला ते त्या दिवशी लाथा खाऊन सांगावं लागलं.

मालकाची नजर आसरांच्या कोनाड्याकडं गेली. म्हातारीनं मात्र लुगड्याचा काष्टा खोचला आणि दगडी पायऱ्यांनी स्वतः खाली उतरली. सातही दगड पदरात घेऊन वर आली, कडुनिंबाखाली मांडले, कुंकू लावलं. "मह्या आसरा आता इथं बसतीन," म्हणाली. "ने तुहं लोखंड."

टप्प्यावर पंप उतरवायला सालदारच पुढं झाला, कानाला फडकं बांधून. पाणी आता पंपापासून बावीस फुटांवर होतं. इंजिन काठावरच ठेवलं आणि लांब पट्टा खाली पंपापर्यंत सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी नळ भरून पंप फिरवला तर पाटात मनगटाएवढी धार पडली. मालक पाटात बसून लेकरासारखा रडला. अर्ध्या वेली वाचल्या. त्यानं मला नारळ दिला, माझे पायही धरायला आला. सालदाराला एक शब्द बोलला नाही.

सालदार पाटाच्या कडेला पाणी वळवत बसला होता. मी मागून दोनदा हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. समोर गेलो तेव्हा हसला.

"या अंगानं या मिस्त्री, त्या कानातून काहीच येत नाही. तुमी नसते त काल मेलोच असतो मी. तुमीच वाचवलं मले."

मला त्याच्या उजव्या बाजूला बसायचं होतं. मी डाव्या बाजूला बसलो, पाटाच्या पाण्याकडं बघत सगळं सांगितलं, माफी मागितली आणि उठून आलो.