‘पाण्या’ नावाचा टॅग

सेक्रेटरी मोबाईल माझ्यासमोर धरून उभे होते. त्यांच्या गावाच्या दूध संस्थेचे कॅन मी नुकतेच रिजेक्ट केले होते.

“साहेब, हे तुमीच हाय ना?”

फोटोत मीच होतो. अंगात बंडी, खाली हाफ पँट, डोक्याला टॉवेल, आणि हातात कळशी. ती मी ताकाच्या पातेल्यात ओतत होतो. वर लिहिलं होतं: ‘आमचा पाण्या. ह्याच्यामुळे सगळ्यांना ताक पुरलं.’ खाली माझं पूर्ण नाव, निळ्या अक्षरांत.

“पाण्या म्हंत्यात व्हय तुमाला? अन् आमच्या दुधात पानी सापडतंय.”

डॉकवरचे, म्हणजे कॅन उतरवायच्या ओट्यावरचे, चार लोक हसले. मीही हसलो असतो, पण समोर रिजेक्ट झालेलं दूध होतं.

मी पारनेर तालुक्यातल्या एका शीतकरण केंद्रावर प्रयोगशाळा सांभाळतो. गावोगावचं दूध इथं येतं, तपासलं जातं आणि थंड करून पुढं जातं. दुधातलं पाणी आणि फॅट सोडून जे उरतं त्याला एसएनएफ म्हणतात. पाणी घातलं की ते घटतं. लॅक्टोमीटर नावाची काचेची नळी अशा पातळ दुधात जास्त बुडते. शंका राहिलीच तर गोठणबिंदू बघतो. निव्वळ दूध पाण्यापेक्षा जरा कमी तापमानाला गोठतं. पाणी मिसळलं की तो आकडा शून्याकडं सरकतो. आकड्यापुढं वाद होत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्या दिवशी कळलं, आकड्याआधी लोक सांगणाऱ्याकडं बघतात.

मी कॅन प्लंजरनं पुन्हा ढवळले आणि सेक्रेटरींच्या डोळ्यांदेखत नवीन सॅम्पल लावलं. उत्तर तेच आलं. कॅन धुतल्यावर निथळले होते का, हे तपासायला सांगितलं. कॅन टेम्पोत चढवताना ते कुणाला तरी म्हणाले, “चला, पाण्यानं पानी काढलं.”

फोटो सॅम्युएलनं टाकला होता. आम्ही डेअरी डिप्लोमाला एका खोलीत राहायचो. भंडारदऱ्याच्या सहलीत ताक कमी पडलं आणि मी ते वाढवलं, तेव्हापासून मी पाण्या. सॅम पुणतांब्याला असतो. डेअरी सोडून तो शाळेत शिकवायचा. गेल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला, नोकरी सुटली. त्यानंतर काही महिन्यांनी त्याची बायको, सुशीला, गेली. आता तो घरात एकटा असतो, डाव्या हातानं अल्बममधले फोटो मोबाईलवर काढतो आणि टाकतो.

घरी येऊन मी आधी हिशेब समजून घेतला. सॅमनं फोटोवर माझं नाव जोडलं, म्हणजे टॅग केलं. त्यामुळं तो त्याच्या मित्रांना दिसलाच, शिवाय माझ्याही मित्रयादीत गेला. त्या यादीत निम्मे संस्थांचे सेक्रेटरी. रिक्वेस्ट आली की मी घेत गेलो होतो. टॅग मला स्वतःला काढता येत होता. सॅमला तशी सूचनाही गेली नसती. पण फोटो त्याच्या पानावर तसाच राहिला असता, ‘पाण्या’सकट. शिवाय आपण टाकलेलं नाव गुपचूप गायब झालेलं त्याला दिसलं असतं. ज्याच्याकडं दिवसभर बघायला तेवढंच आहे, त्याला दिसतंच.

पहिलं उत्तर लिहिलं: ‘सॅम, हा फोटो ताबडतोब डिलीट कर.’ बायकोनं खांद्यावरून वाचलं. मोबाईल हातात घेऊन तिनं फोटो मोठा केला. पातेल्यामागं, तोंडावर पदर धरून हसणारी सुशीला होती. सहलीला ती आमच्या वर्गातल्या एका मुलीची मैत्रीण म्हणून आली होती.

“अहो, तुम्ही त्याला तिलाच काढायला सांगताय,” बायको म्हणाली.

मी ते खोडलं. दुसरं लिहिलं, त्यात नुसते हसरे चेहरे टाकले. तेही खोडलं, तसं उत्तर म्हणजे आणखी टाक अशी परवानगीच. खासगी मेसेज करावा असंही वाटलं. पण डॉकवरचे लोक फोटोखालीच वाचणार होते. मी गप्प बसलो तर लाजलो असं झालं असतं, चिडलो तर खरंच काहीतरी दडवतोय असं. म्हणून हसणं सगळ्यांसमोर आणि अट त्याच हसण्यात, असं ठरवलं. शेवटी फोटोखाली हे लिहिलं:

‘सॅम्या, ताकात पाणी घालणारा मीच, कबूल. वर्ग अख्खा आणि ताक एका पंगतीचं, दुसरं काय करणार होतो? बंडी मात्र तुझी होती, तेही लिही. फोटो राहू दे, छान आहे, सुशीला किती हसतेय. फक्त माझ्या नावाचा टॅग काढ आणि ‘पाण्या’ आपल्या दोघांत ठेव. दुधातलं पाणी शोधणं हीच माझी नोकरी आहे रे. आणि पुढचे फोटो टाकण्याआधी मला दाखवत जा.’

थोड्या वेळानं टॅग गेला. वरचा मजकूरही बदलला: ‘भंडारदरा. ताक सगळ्यांना पुरलं.’ माझ्या उत्तराखाली त्यानं लिहिलं, ‘बरं साहेब.’ तीस वर्षांत तो मला कधी साहेब म्हणाला नव्हता. मी ते थट्टा म्हणून घेतलं.

सेटिंगमध्ये जाऊन पुढचे टॅग आधी मला विचारतील असं करून ठेवलं. त्यामुळं फक्त माझं पान सुरक्षित राहतं. दुसऱ्याच्या पानावर आपण अडवू शकत नाही. टॅग जाण्याआधी कुणीतरी काढलेला स्क्रीनशॉट तर कुणाच्याच हातात नाही. तो संस्थांच्या ग्रुपवर अजून फिरतो. डॉकवर मला मागून ‘पाण्या’ म्हणतात, मला ऐकू येतं. सेक्रेटरींनी पुढच्या खेपेला कॅन उलटे निथळून आणले, दूध पास झालं. त्यांनी माझ्या उत्तराचा विषय काढला. म्हणाले, “बंडीचं लई भारी लिवलं.” तेवढ्यापुरतं काम झालं होतं.

सॅमचे फोटो मात्र थांबले. एक आठवडा गेला, मग दुसरा. मी फोन केला. त्याची जीभ अजून जड आहे, वाक्य हळू येतं. तब्येत, जेवण, चर्चमधली माणसं येतात का, सगळं विचारून झाल्यावर मी फोटोंचं विचारलं.

“तू म्हणालास ना, आधी दाखव.”

“ते माझ्या फोटोंबद्दल होतं.”

“सगळ्यांत कुणी ना कुणी असतंच,” तो म्हणाला. “कुणाकुणाला विचारू? सुशीलाला विचारायचं राहिलं, असंही वाटायला लागलं.”

फोन ठेवल्यावर मी माझ्या उत्तरातलं ते शेवटचं वाक्य काढून टाकलं. कॉमेंट बदलली तर समोरच्याला सूचना जात नाही, म्हणून पुन्हा फोन करून ते सांगितलं. टाक रे, म्हणालो, मला न विचारता टाक. तो ‘बघू’ म्हणाला.

त्याच्या पानावर अजूनही सगळ्यात वर तोच ताकाचा फोटो आहे. मी रोज बघतो.

माझं नाव काढ, एवढं सांगायचा मला हक्क होता आणि ते त्यानं लगेच ऐकलं. मर्यादा घालताना आपलं काय तेवढंच मोजावं. मी एक वाक्य जास्त घातलं.