खुर्चीतून उठवण्याचं बळ

आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाची कंबर कशी असावी, तशीच ड्रायव्हरकाकांची होती. बसायला पक्की, वाकायला कच्ची. त्यात बायकोच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पुन्हा पलंगावर घेणं त्यांच्या वाट्याला आलं. पहिल्याच आठवड्यात दोघं पडता पडता वाचली.

मुलगी लांब राहणारी. ती येऊन सगळं बघून गेली आणि जाताना स्पष्टच बोलली. महिनाअखेरीस पुन्हा येईन, तोवर बाबांना आईला एकट्याने उठवता आलं तर ठीक, नाहीतर तिला शुश्रूषाकेंद्रात ठेवायचं. काकांनी दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या पुतणीला फोन केला.

पुतणी दोनच वस्तू घेऊन आली. चकत्या कमीजास्त करता येणारी डंबेलची जोडी आणि रबरी पट्ट्यांचा संच. काकूंच्या खोलीत पलंग आणि भिंतीमध्ये जेमतेम चटईएवढी जागा होती. तिथेच तिने सगळं बसवून दिलं. एक डंबेल छातीशी धरून खुर्चीला टेकेपर्यंत बसायचं आणि उठायचं. दोन्ही डंबेल हातात घेऊन, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचं आणि ताठ व्हायचं. पट्टा दाराच्या फटीत अडकवून मागे ओढायचा, म्हणजे पाठीला आणि दंडांना. एक दिवस व्यायाम, एक दिवस विश्रांती. सोपं वाटायला लागलं की एकेक चकती वाढवायची, घाई करायची नाही.

काकूंना पलंगावरून हा तमाशा आयताच मिळाला. जीभ जड झाली होती, पण धार गेली नव्हती. "पैलवान, आधी पोट आत घ्या," त्या अडखळत म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी काका मनापासून हसले.

घोटाळा झाला तो काकूंच्या झोपेमुळे. दुपारी त्यांचा डोळा लागला की काकांना वेळ मिळे, आणि नेमक्या तेव्हाच चकत्या खणखणत. काकू दचकून जाग्या होत आणि मग संध्याकाळपर्यंत कुढत बसत. काकांच्या जिवाला ते लागलं. त्यांनी डंबेल कपाटाखाली सरकवले आणि तेच व्यायाम पट्ट्यांवर करायला घेतले. पट्ट्यावर पाय रोवायचे, टोकं हातात धरायची, वाकायचं आणि ताठ व्हायचं. आवाज नाही, काही नाही. पातळ पिवळ्यावरून हिरवा, हिरव्यावरून काळा. संचातला सगळ्यात जाड पट्टा आपल्याला पुरा ओढता येतो म्हटल्यावर त्यांना हत्तीचं बळ आल्यासारखं वाटलं. पुतणीला फोनवर सांगितलं, ती खूश झाली. डंबेल बाजूला ठेवल्याचं मात्र त्यांच्या तोंडून आलं नाही.

मुलगी आली त्या दिवशी पुतणीही हजर होती. काकांनी काकूंना पलंगाच्या कडेला बसवलं, गुडघ्याला गुडघा टेकवला, त्यांच्या कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरला आणि अलगद खुर्चीत घेतलं. मुलीचे डोळे भरून आले.

पण पलंग उंच होता आणि खुर्ची बुटकी. परत नेताना काका खाली वाकले, जोर लावला, काकू जागच्या हलेनात. पुन्हा लावला. या वेळी त्या वीतभर उठल्या, काकांचे पाय लटपटले आणि दोघं खाली घसरायला लागली. पुतणीने धावत येऊन मागून आधार दिला म्हणून बरं.

कपाटाखाली धूळ खात पडलेले डंबेल आणि दाराशी पडलेला काळा पट्टा बघितल्यावर पुतणीच्या ध्यानात आलं. ती रागावली नाही, हे जास्त वाईट होतं.

"काका, तुम्ही खाली वाकलेले असता तेव्हा हा ढिला असतो. जसे वर याल तसा ताणत जातो. काकूंचं वजन तर उठायच्या क्षणीच सगळं अंगावर येतं. म्हणून खालून उठायला डंबेल दिले होते. त्यांचं वजन वर-खाली सारखंच राहतं."

म्हणजे महिनाभर त्यांनी घाम गाळला तो जिथे गरज नव्हती तिथे. काका मुलीकडे वळले. मला अजून दोन महिने दे, पहिल्यापासून करतो, असं म्हणाले. आवाजात अवसान आणलं होतं. पुतणीलाही ते जमण्यासारखं वाटत होतं, तिने तसं सांगून पाहिलं.

उत्तर काकूंनी दिलं. शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"मला केंद्रात जाऊ द्या. तुम्ही पडलात तर भेटायला कोण येईल?"

काकांनी कपाटाखालचे डंबेल काढून पुतणीच्या हातात दिले.

केंद्रात काकूंना खिडकीजवळचा पलंग मिळाला. काका रोज दुपारी जातात. चहाच्या वेळी दोन सेविका येतात, एक पाठीकडून, एक पायांकडून धरते आणि गप्पा मारत मारत काकूंना खुर्चीत ठेवतात. पहिल्या दिवशी काकांचे हात आपोआप पुढे झाले होते.

"काका, जरा बाजूला उभे राहता?" सेविका गोड आवाजात म्हणाली.

आता तिला सांगावं लागत नाही. चहाची ट्रॉली दिसली की ते उठतात आणि भिंतीला टेकून उभे राहतात.