व्यंकटरावांची सही

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात व्यंकटराव एकवीस वर्षं तपासणी विभागात होते. हातात मायक्रोमीटर घेतला की कसलीही चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. माणूस भला, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. पण त्यांच्यासमोर कुणी इंजिनियरच्या पदवीचं नाव काढलं, की संपलंच! “आम्हीही झालो असतो, कंपनीनं एनओसी दिली नाही,” हे वाक्य अख्ख्या विभागाला पाठ होतं. डिप्लोमावर लागले आणि डिप्लोमावरच राहिले.

अशा माणसाच्या जोडीला नित्या आली. तिशीच्या आतली, डिप्लोमावालीच, आणि व्यंकटरावांसारखीच तंजावरकडच्या मराठी घरातली. चारचौघांत ती त्यांना सर म्हणायची, दोघंच असले की काका. दोघांच्या पाळ्या आठवड्याला बदलायच्या. एकाची सकाळची असली की दुसऱ्याची दुपारी दोनची. त्यामुळे भेट व्हायची ती दोन वाजता, काम सोपवताना. तिला मायक्रोमीटर धरायला शिकवलं यांनीच.

मेमध्ये नित्याला संध्याकाळच्या वर्गाचा पार्ट-टाइम बी.ई.चा प्रवेश मिळाला. साडेतीन वर्षं, रोज सहा ते नऊ. कागदपत्रांच्या तपासणीला कंपनीचं ना-हरकत पत्र हवं होतं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. तिनं रीतसर अर्ज केला. वर्ग कामाच्या वेळेबाहेर, फी स्वतःची, कामात कसूर नाही, असं सगळं लिहिलं. विभागप्रमुखांनी लगेच शिफारस दिली. एचआरच्या मीनाक्षी मॅडमनी मात्र एक अट घातली. दुपारच्या पाळीत नित्या कॉलेजला जाणार कशी? तेव्हा तिच्या दुपारच्या पाळ्या कायमच्या घ्यायला तयार आहे, असं जोडीदारानं लिहून द्यायला हवं.

जोडीदार म्हणजे व्यंकटराव.

आता खरं सांगायचं तर दुपारची पाळी त्यांच्या आवडीची. सकाळी मैलापूरच्या देवळात जायचं, निवांत कॉफी घ्यायची, मग कंपनीची बस. एरवी मागून घेतली असती! पण नित्यानं संमतीचा कागद पुढे केला आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आपण शिकवलेली ही पोर उद्या इंजिनियर होणार, परवा आपल्याच कामावर सह्या करणार. हिला मागताक्षणी मिळतं, आपल्याला का नाही मिळालं? “घरी विचारून सांगतो,” म्हणाले आणि कागद खिशात घातला.

घरी त्यांनी कुणालाच विचारलं नाही. चार दिवस गेले, सहा गेले. नित्या रोज दोन वाजता त्यांच्याकडे बघायची, हे रोज नजर चुकवायचे. आठव्या दिवशी तिनं विचारलंच. हे म्हणाले, तब्येतीचं बघतोय. तब्येतीला काय धाड भरली होती! तिची मुदत सोमवारी संपत होती, हे त्यांना ठाऊक होतं. पोर रडवेली झाली, तेव्हा बरंसुद्धा वाटलं त्यांना. नंतर त्याचीच लाज वाटली, पण कागद काही खिशातून निघाला नाही.

शनिवारी पाळीआधी मीनाक्षी मॅडमनी बोलावून घेतलं. व्यंकटराव तब्येतीची कहाणी जुळवतच गेले. मॅडमनी तो विषयच काढला नाही. नित्याचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. नित्यानं लिहिलं होतं: माझे वरिष्ठ व्यंकटराव यांना पूर्वी हीच परवानगी नाकारली गेली होती, त्यांच्या अर्जाचाही आता पुन्हा विचार व्हावा, अशी माझी विनंती आहे.

“म्हणून मी तुमची फाइल काढली, सर,” मॅडम तमिळमध्ये म्हणाल्या. “नकाराचं कारण बघायला. त्यात तुमचा अर्जच नाही.”

अर्ज त्यांनी लिहिला होता, खरंच लिहिला होता. आठ दिवस खिशात घेऊन हिंडले. साहेबांच्या केबिनपर्यंत तीनदा गेले, आणि नाही म्हणाले तर, या भीतीनं तीनदा परत फिरले. मग कुणीतरी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, कंपनीनं दिली नाही. पुढं पुढं त्यांचं त्यांनाच ते खरं वाटू लागलं.

त्यांनी घडी पडलेला संमतीचा कागद काढला, तिथंच सही केली. मॅडमनी पत्र छापून घेतलं, सही केली, शिक्का मारला.

दोन वाजता ते पत्र त्यांनी स्वतः नित्याच्या हातात दिलं. मत्सर गेला होता म्हणता? छे, पत्रावरचं तिचं नाव वाचतानाही आत जळतच होतं. तिनं वाकून नमस्कार केला आणि सर म्हणायचं विसरून लगेच विचारलं, “काका, तुमच्या अर्जाचं काय म्हणाल्या?”

विभागातली चार माणसं ऐकत होती. व्यंकटरावांनी चष्मा काढला.

“मी कधी अर्ज केलाच नव्हता गं,” ते म्हणाले.